निबंधाच्या पहिल्या मसुद्यावर शेरे: वाक्य लिहून न देता काय लिहावं?

प्रश्न: विद्यार्थ्यांच्या निबंधाचा कच्चा मसुदा तपासताना मी शेवटी त्यांची वाक्यंच दुरुस्त करून देते आणि मुलं तीच जशीच्या तशी उतरवून आणतात. तसं न करता 'स्पष्ट करा', 'मुद्दा विस्तारा' एवढंच लिहिलं, तर पुढच्या मसुद्यात काहीच बदलत नाही. मधला मार्ग कोणता? एखाद्या परिच्छेदावर शेरे लिहून दाखवाल का?

उत्तर:

एक परिच्छेद घेऊनच बोलू. समजा, निबंधाचा विषय आहे 'शाळा सकाळी उशिरा भरावी का?' आणि मधला एक परिच्छेद असा आला आहे:

> शाळा सकाळी लवकर भरल्यामुळे विद्यार्थांची झोप पूर्ण होत नाही. झोप ही माणसाची मुलभूत गरज आहे. शास्त्रज्ञांनीही हे सिद्ध केले आहे. अनेक मुले पहिल्या तासाला डुलक्या घेतात. माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची दोन मुले रोज गणिताच्या तासाला झोपतात आणि मग चाचणीत त्यांना नेमका तोच भाग येत नाही. आजकाल मुले रात्री उशिरापर्यंत मोबाइलही पाहतात. त्यामुळे शाळा उशिरा भरली पाहिजे.

हा परिच्छेद वाचताच हातातलं पेन 'विद्यार्थांची' आणि 'मुलभूत' या दोन शब्दांकडे धावतं. म्हणून पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करावं. पूर्ण निबंध एकदा वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: या मुलीला नक्की काय म्हणायचं आहे आणि तिच्या म्हणण्यावरचा माझा विश्वास कुठे डळमळला? विश्वास डळमळण्याच्या जागा सहसा दोन-तीनच असतात. शेरे तिथे लिहायचे, बाकीच्या चुका या फेरीत सोडून द्यायच्या. शुद्धलेखनाबद्दल पुढे सांगतो.

वरच्या परिच्छेदात खरी अडचण मोबाइलच्या वाक्यात आहे. तोपर्यंत ती सांगते आहे की झोप अपुरी राहते ती शाळेच्या वेळेमुळे. मग अचानक दुसरं कारण येतं आणि लगेच 'त्यामुळे' म्हणून निष्कर्षही येतो. मुलं रात्री मोबाइल पाहतात म्हणून झोप कमी होत असेल, तर शाळेची वेळ बदलून काय होणार? तिच्याच वाक्याने तिच्या मुद्द्याखालचा आधार काढून घेतला आहे आणि हे तिच्या लक्षात आलेलं नाही. मुलांच्या लिखाणात 'त्यामुळे', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द तपासायची सवय ठेवावी. तर्क तुटलेला असतो तिथे बहुतेकदा यांच्यातलाच एखादा शब्द झाकणासारखा बसवलेला सापडतो.

इथे आपण सवयीने वाक्य लिहून दिलं तर काय होतं ते बघू. आपण लिहितो: 'मोबाइलचा वापर हे एक कारण असले तरी किशोरवयात मुळातच झोप उशिरा लागते, म्हणून शाळेची वेळ बदलणे आवश्यक आहे.' वाक्य चांगलं आहे, तर्कही जुळतो. पुढच्या मसुद्यात ते अक्षरशः उतरून येतं. पण मोबाइलचं वाक्य का खटकलं, हे तिला कळलेलंच नसतं, कारण खटकण्याचा अनुभव आपण घेतला आणि उत्तरही आपणच दिलं. पुढच्या निबंधात ती पुन्हा तसंच दुसरं कारण मध्ये आणून सोडेल. शिवाय या मुद्द्यावर तिचं मत वेगळं असू शकलं असतं. कदाचित मोबाइल हेच मोठं कारण आहे असं तिला खरोखर वाटत असेल आणि तिला निबंधाची बाजूच थोडी बदलायची असेल. आपल्या वाक्याने ती वाट बंद केली.

'तर्क स्पष्ट करा' असं लिहिलं तरी गाडी पुढे जात नाही. तिच्या दृष्टीने तर्क स्पष्टच आहे, म्हणून तर तिने 'त्यामुळे' लिहिलं. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन संशोधिकेने 1982 मध्ये शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिला हेच आढळलं होतं: बहुतेक शेरे इतके सर्वसाधारण असतात की ते एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालतील. आपला शेरा लिहून झाल्यावर हीच चाचणी लावून पाहता येते. तो शेजारच्या वहीतही तसाच्या तसा बसत असेल, तर तो या मुलीला काहीच सांगत नाही.

कामाच्या शेऱ्यात तीन गोष्टी असतात. आधी तिचेच शब्द उद्धृत करून जागा दाखवायची. मग त्या जागी वाचकाच्या मनात काय घडलं ते सांगायचं. आणि शेवटी तिने करायचं काम सांगायचं, वाक्य मात्र द्यायचं नाही. मोबाइलच्या ओळीशेजारी समासात मी असं लिहीन:

> 'मोबाइलही पाहतात' इथे मी थांबलो. आतापर्यंत तू सांगत होतीस की झोप कमी होते ती शाळेच्या वेळेमुळे. इथे दुसरं कारण आलं. तुझं म्हणणं न पटणारा वाचक आता विचारेल, 'मग मोबाइल बाजूला ठेवा, शाळेची वेळ कशाला बदलायची?' त्याला तू काय सांगशील? उत्तर असेल तर ते इथेच लिही. उत्तर सुचत नसेल तर हे वाक्य या परिच्छेदात राहावं का, ते ठरव.

यात 'चूक' हा शब्द कुठेही नाही आणि तो टाळण्याचं कारण सौजन्य एवढंच नाही. मोबाइलचं वाक्य स्वतःहून चुकीचं नाहीच, ते फक्त उत्तराविना उभं आहे. 'हे चूक आहे' असं लिहिलं तर मुलं एकच गोष्ट करतात, ते वाक्य खोडतात. वाचकाचा आक्षेप त्याच्याच तोंडून ऐकवला की उत्तर द्यावंसं वाटतं. आणि दोन वाटा दाखवल्यामुळे निर्णय तिच्याकडे राहतो. दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात, हे मात्र पाहावं. 'हे वाक्य काढलंस तर बरं होईल ना?' हा प्रश्नाच्या वेषातला हुकूम आहे. मुलं तो बरोबर ओळखतात आणि मग आपला प्रत्येक प्रश्न हुकूम म्हणूनच वाचायला लागतात.

दुसरा शेरा शास्त्रज्ञांच्या वाक्यावर. इथे मोह वेगळाच असतो, आपल्याला माहीत असलेली माहिती देऊन टाकण्याचा. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, लवकर झोपायचं ठरवलं तरी डोळा लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा सकाळी 8.30 च्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती, हेही ठाऊक असेल. एवढं शेऱ्यात लिहिलं की ते तसंच्या तसं निबंधात येणार, तेही न वाचता, न पडताळता. त्यापेक्षा आधाराची गरज नेमकी कुठे आहे तेवढं दाखवायचं:

> 'हे सिद्ध केले आहे' यातलं 'हे' म्हणजे काय? झोप गरजेची आहे, हे? की शाळा लवकर भरल्याने झोप कमी होते, हे? पहिल्याबद्दल कुणाचा वाद नाही. तुझा निबंध दुसऱ्यावर उभा आहे, म्हणून आधार त्याला हवा. तुझ्या वयाच्या मुलांच्या झोपेबद्दल काय आढळलं आहे ते शोध. कोणी पाहिलं, कोणत्या वयाच्या मुलांमध्ये पाहिलं आणि काय आढळलं, एवढं सांगणारा एकच आधार पुरे.

'तुझ्या वयाच्या मुलांच्या झोपेबद्दल' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ही शोधाची दिशा आहे. ती त्या दिशेने गेली तर झोपेच्या घड्याळाबद्दलची माहिती तिला सापडेल आणि त्यातूनच मोबाइलच्या आक्षेपाचं उत्तरही मिळण्याची शक्यता आहे. दोन शेरे एकमेकांना असे जोडलेले असले तर उत्तम, पण तो जोड तिचा तिला लागू द्यावा. एखाद्या मुलाला शोधायचं कसं हेच माहीत नसेल, तर कुठे पाहायचं ते सांगायला हरकत नाही. काय सापडेल ते मात्र सांगू नये.

तिसरा शेरा मागच्या बाकावरच्या दोन मुलांबद्दल आणि तो कौतुकाचा आहे. 'छान!' असं लिहून पुढे जायचं नाही. या परिच्छेदातलं सगळ्यात बळकट वाक्य हेच आहे, आणि नेमकं तेच पुढच्या मसुद्यातून गायब होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. 'माझ्या वर्गातली' असं लिहिणं निबंधात शोभत नाही, शास्त्रज्ञ म्हणतात तेच भारदस्त, असा मुलांचा समज असतो. वाक्य का चांगलं आहे हे सांगितलं नाही तर टिकवायचं काय हे त्यांना कळत नाही.

> या वाक्यात मला प्रसंग दिसला: कोणता तास, कोण, आणि त्याचा चाचणीवर परिणाम काय. 'अनेक मुले डुलक्या घेतात' यापेक्षा याने मला जास्त पटवलं. हे ठेव. आता ते परिच्छेदाच्या मध्ये दडलं आहे. ते कुठे आलं तर वाचकावर सर्वांत जास्त परिणाम होईल, ते दोन जागी ठेवून वाचून बघ.

'दोन जागी ठेवून वाचून बघ' हे करता येण्यासारखं काम आहे. 'रचना सुधार' हे करता येण्यासारखं नाही, कारण त्यात सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. शेऱ्यातलं क्रियापद तपासून पाहावं: शोध, हलवून बघ, दोनातलं एक निवड, मोठ्याने वाच, उत्तर दे. या क्रियापदांनी हात हलतात. 'सुधार', 'विस्तार', 'परिणामकारक कर' यांनी हलत नाहीत. विस्तार हवाच असेल तर कशाचा ते सांगावं, नाहीतर 'झोप ही मूलभूत गरज आहे' हेच आणखी चार वाक्यांत फिरवून येतं.

परिच्छेदाला तीन शेरे झाले. तुमच्या मनात आलं असेल की पूर्ण निबंधाला किती? दोन पानांच्या निबंधाला समासात तीन ते पाच, त्याहून जास्त नाहीत. हा परिच्छेद निबंधाचा कणा आहे म्हणून इथे तीन खर्च केले, बाकीच्या पानांवर एखाददुसरा पुरे. पंधरा शेरे असले की मुलं सोप्यापासून सुरू करतात. आधी शब्द बदलतात, मग स्वल्पविराम घालतात आणि तर्काच्या शेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत काम संपल्यासारखं वाटतं. शेरे जास्त असले की ते एकमेकांना छेदतातही. एका ओळीवर 'हे वाक्य नीट बांध' आणि त्याच परिच्छेदाखाली 'हा परिच्छेद इथे लागतो का?' असे दोन शेरे एकत्र दिसतात. काढून टाकायच्या परिच्छेदातलं वाक्य कोण नीट बांधेल? मग परिच्छेद राहतो, कारण वाक्य बांधणं हे तुलनेने सोपं काम असतं.

म्हणून शेवटचा एकत्रित शेरा समासातल्या शेऱ्यांच्या आधी लिहावा, निदान मनात तरी. निबंधाबद्दल एकच मुख्य गोष्ट कोणती सांगायची ते ठरलं की समासात काय लिहायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरतं. या निबंधाचा शेवटचा शेरा असा होईल:

> शाळेच्या वेळेमुळे मुलांची झोप कमी होते आणि त्याचा अभ्यासावर परिणाम होतो, असं तुझं म्हणणं मला समजलं. वर्गातलं उदाहरण त्याला चांगला आधार देतं. पण तुझं म्हणणं न पटणारा वाचक या निबंधात अजून कुठेच बोलत नाही. तिसऱ्या परिच्छेदात मोबाइलच्या निमित्ताने तो आला आणि तू त्याला उत्तर न देता पुढे गेलीस. पुढच्या मसुद्यात आधी ते कर. त्यानंतर 'शास्त्रज्ञांनी' या वाक्याचा आधार शोध. शुद्धलेखन आत्ता बघू नकोस, ते शेवटच्या मसुद्यात बघू.

पहिल्या वाक्यात तिचा मुद्दा आपल्या शब्दांत परत सांगितला आहे. ही औपचारिकता वाटेल, पण त्याचा उपयोग आहे. आपण समजलो ते तिला म्हणायचंच नव्हतं असं असेल, तर तिला ते इथेच कळतं, आणि मग सगळ्या दुरुस्तीची दिशा बदलते. 'आधी' आणि 'त्यानंतर' हा क्रम लिहिला नाही तर मुलं वरून खाली, ओळीमागून ओळ दुरुस्त करत जातात.

आता 'विद्यार्थांची' आणि 'मुलभूत'. पहिल्या मसुद्यात यांना हात लावायचा नाही, कारण ही वाक्यं राहतील की जातील तेच ठरलेलं नाही. चुकीमुळे अर्थच बदलत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लगेच विचारावं. शेवटच्या मसुद्यातही शब्द दुरुस्त करून देऊ नये. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त एक टिंब द्यावं, दोन चुका असतील तर दोन टिंबं. कोणता शब्द, कोणती चूक, ते तिने शोधायचं. रिचर्ड हॅसवेल यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा खुणा केलेल्या चुकांपैकी सुमारे 60 टक्के स्वतःच दुरुस्त केल्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त चुका नजरचुकीच्या होत्या आणि त्या समजावत बसण्याची गरजच नव्हती. उरलेल्या तेवढ्या समजावायच्या. 'विद्यार्थी' शब्दाचं सामान्यरूप 'विद्यार्थ्या-' होतं, म्हणून 'विद्यार्थ्यांची'. हा नियम एकदा सांगितला की 'कर्मचाऱ्यांची', 'शेतकऱ्यांची' हेही सुधारतं. तिला आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर तुमची शाई जात नाही, हा फायदा वेगळाच.

काही मुलं शेरा वाचूनही अडतात. 'उत्तर दे म्हणजे कसं लिहू?' असं विचारतात आणि ते खरंच अडलेले असतात, आळस करत नसतात. आक्षेप मान्य करून पुढे कसं जायचं, ही वाक्याची घडण त्यांनी कधी वापरलेलीच नसते. तेव्हा नमुना द्यावा, पण दुसऱ्या विषयावरचा. उदाहरणार्थ, गणवेशाच्या बाजूने लिहिणारा कुणी म्हणेल: 'गणवेशासाठी वेगळा खर्च होतो, हे खरं. पण रोज नवे कपडे दाखवण्याची चढाओढ थांबली, तर एकूण खर्च कमीच होतो.' आधी समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य केलं, मग तरीही आपलं म्हणणं का टिकतं ते सांगितलं. ही घडण तिने उचलावी अशीच अपेक्षा आहे. मजकूर उचलता येत नाही, कारण त्यात झोपेबद्दल काहीच नाही.

मसुद्यावर गुण देऊ नयेत. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं, शेरे आणि गुण दोन्ही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. मुलांच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. दहापैकी सहा दिसले की निकाल लागला, मग शेरा हा त्या निकालाचा खुलासा म्हणून वाचला जातो. गुण द्यावेच लागत असतील तर ते शेवटच्या मसुद्याला द्यावेत.

दुसरा मसुदा हातात आला की शेरा लागू पडला की नाही हे दहा मिनिटांत कळतं. पहिला मसुदा शेजारी ठेवून फक्त बदललेल्या जागा पाहायच्या. जिथे शेरा होता तिथेच आणि तेवढेच बदल दिसत असतील, तर तिने शेऱ्यांची यादी पूर्ण केली, निबंध पुन्हा वाचला नाही. बहुधा शेरे फार झाले होते किंवा सगळे एकेका ओळीपुरते होते. शेरा होता ते वाक्यच नाहीसं झालं असेल, तर शेरा धोक्याच्या सूचनेसारखा वाचला गेला. मोबाइलच्या वाक्यात काढून टाकण्याची मुभा आपणच दिली होती, त्यामुळे तिथे ती योग्य निवडही असू शकते. पण वर्गातलं उदाहरण गेलं असेल तर आपला कौतुकाचा शेरा नीट लिहिला गेला नव्हता. आणि शेऱ्यातले आपले शब्द निबंधात जसेच्या तसे दिसले, तर आपण पुन्हा वाक्य लिहून दिलं होतं, फक्त शेऱ्याच्या आडून. हे तिसरं लक्षण सर्वांत उशिरा लक्षात येतं, कारण आपलेच शब्द वाचायला बरे वाटतात.

याउलट शेरा नव्हता अशा एखाद्या जागी बदल दिसला, समजा पहिल्या परिच्छेदातच तिने 'काही जण म्हणतील की' असं घालून ठेवलं, तर तिने वाचकाचा आक्षेप ही गोष्ट उचलली आहे. त्या आक्षेपाला दिलेलं उत्तर लंगडं असलं तरी पुढचा शेरा तिथून सुरू करावा.

दुसऱ्या मसुद्यासोबत तिच्याकडून तीन ओळी मागून घ्याव्यात: कोणत्या शेऱ्यावर काय केलं, कोणता शेरा मानला नाही आणि का. 'मानला नाही' ही ओळ ऐच्छिक ठेवू नये. ती 'मोबाइलचं वाक्य ठेवलं, कारण ते खरं आहे' असं लिहून देईल, आणि मग वाक्य खरं असणं आणि ते त्या जागी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याशी बोलायला नेमकी जागा मिळेल. कधी तिचं कारण तुमच्या शेऱ्यापेक्षा सरस निघेल. तेव्हा शेरा मागे घेतला असं तिथेच समासात लिहून टाकावं.